पल्स टोकाला जाऊन परत का येते? लाइनवरचं परावर्तन आणि एसडब्ल्यूआर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरचे जवळजवळ सगळे प्रश्न एकाच मांडणीवर सोडवले आहेत, म्हणून ती आधी डोळ्यांसमोर आणा. ५० ओहमची १० मीटर कोॲक्सियल केबल आहे. एका टोकाला पल्स जनरेटर आहे. त्याचा आतला रेझिस्टन्स ५० ओहम आहे आणि काहीही न जोडता तो १० व्होल्ट देतो. दुसऱ्या टोकाला १५० ओहमचा साधा रेझिस्टर जोडला आहे. केबलमध्ये लहर प्रकाशाच्या सुमारे दोन तृतीयांश वेगाने जाते, म्हणजे एका मीटरला ५ नॅनोसेकंद आणि १० मीटरला ५० नॅनोसेकंद लागतात. हिशेब सोपा राहावा म्हणून केबलमध्ये काहीच शक्ती जिरत नाही असं धरलं आहे. हे गृहीतक जिथे सोडावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

केबलवर ५० ओहम छापलंय. मल्टिमीटर लावला तर काहीच दाखवत नाही. मग हे ५० ओहम आहेत कुठे?

हा प्रश्न आधी सुटला नाही तर पुढचं सगळं पाठांतर होतं, म्हणून इथे थोडं थांबू.

केबलच्या प्रत्येक मीटरमध्ये थोडं इंडक्टन्स असतं आणि आतली तार व बाहेरची जाळी यांच्यामध्ये थोडं कपॅसिटन्स असतं. नेहमीच्या ५० ओहम केबलमध्ये हे आकडे साधारण मीटरमागे २५० नॅनोहेन्री आणि १०० पिकोफॅरड असतात. पल्स पुढे सरकते तेव्हा समोरच्या तुकड्याचं कपॅसिटन्स भरण्यासाठी तिला करंट द्यावा लागतो, आणि तो करंट किती वेगाने वाढेल यावर इंडक्टन्सचा लगाम असतो. या ओढाताणीतून व्होल्टेज आणि करंट यांचं एक ठरावीक प्रमाण तयार होतं. मीटरमागच्या इंडक्टन्सला मीटरमागच्या कपॅसिटन्सने भागून वर्गमूळ काढलं की ५० ओहम येतात. हाच लाइनचा कॅरॅक्टरिस्टिक इम्पिडन्स. पुढे त्याला नुसतं लाइनचा इम्पिडन्स म्हटलं आहे.

म्हणजे हे ५० ओहम म्हणजे कुठे तरी बसलेला रेझिस्टर नाही. धावत्या लहरीच्या व्होल्टेजचं तिच्याच करंटशी असलेलं ते प्रमाण आहे. आपल्या जनरेटरने पल्स सोडली की त्याला टोकाला काय जोडलंय हे माहीत नसतं. त्या क्षणी त्याच्यासमोर फक्त ५० ओहम असतात. त्याच्या आतही ५० ओहम आहेत, त्यामुळे १० व्होल्ट निम्मे होतात आणि केबलवर ५ व्होल्टची पल्स १०० मिलिॲम्पिअर करंट घेऊन निघते. टोकाची पहिली बातमी जनरेटरला १०० नॅनोसेकंदांनी कळते. मल्टिमीटर यापेक्षा लाखो पट संथ असतो. तो वाचन दाखवतो तोवर सगळ्या येरझाऱ्या संपलेल्या असतात आणि त्याला दिसतं ते फक्त टोकाला जोडलेलं काहीतरी, किंवा उघडं टोक.

पल्स टोकाला पोचल्यावर नेमकं काय बिनसतं?

पल्स ५ व्होल्ट आणि १०० मिलिॲम्पिअर घेऊन येते, म्हणजे ५० ओहमचं प्रमाण. पण टोकाला १५० ओहम आहेत, आणि तिथे ओहमचा नियम क्षणभरही मोडता येत नाही. १५० ओहममधून १०० मिलिॲम्पिअर जायचे तर १५ व्होल्ट हवेत. ५ व्होल्ट असतील तर करंट ३३ मिलिॲम्पिअरच हवा. आलेल्या लहरीकडे यातलं काहीच नाही.

दोन्ही नियम एकाच वेळी पाळायचे तर एकच वाट उरते: टोकाशी दुसरी एक लहर जन्माला यायची आणि उलट निघायची. तिचं व्होल्टेज आलेल्या व्होल्टेजमध्ये मिळतं, पण ती उलट दिशेने जात असल्यामुळे तिचा करंट वजा होतो. परतीचं व्होल्टेज २.५ धरून पाहा. टोकावरचं व्होल्टेज ५ अधिक २.५, म्हणजे ७.५ व्होल्ट. परतीचा करंट २.५ भागिले ५०, म्हणजे ५० मिलिॲम्पिअर, आणि तो १०० मधून गेल्यावर ५० उरतात. ७.५ व्होल्ट आणि ५० मिलिॲम्पिअर म्हणजे बरोबर १५० ओहम. दुसरा कुठलाही आकडा घेतला तर हिशेब जुळत नाही.

शक्तीचा ताळाही लागतो. आलेली ०.५ वॅट, परत गेलेली ०.१२५ वॅट, रेझिस्टरला मिळालेली ०.३७५ वॅट. टोकावरचं व्होल्टेज वाढून ७.५ झालं हे पाहून अनेकांना वाटतं की कुठून तरी जादा ऊर्जा आली. तसं नाही. व्होल्टेज वाढलं, पण करंट त्याहून जास्त घटला.

याचं सूत्र काय? आणि वजा चिन्हाचा अर्थ काय?

वरचाच हिशेब अक्षरांत मांडला की हे मिळतं:

```
Γ = (ZL − Z0) / (ZL + Z0)
```

`Z0` म्हणजे लाइनचा इम्पिडन्स, `ZL` म्हणजे टोकाचा लोड आणि `Γ` हा परावर्तन गुणांक. परतीचं व्होल्टेज हे आलेल्या व्होल्टेजच्या किती पट, ते तो सांगतो. आपल्याकडे १०० भागिले २००, म्हणजे ०.५.

टोक उघडं असेल तर गुणांक १ येतो. करंटला पुढे वाट नसते, सगळी पल्स सुलटी परत येते आणि टोकावर क्षणभर दुप्पट, १० व्होल्ट दिसतात. टोक शॉर्ट असेल तर गुणांक वजा १ येतो, कारण तिथे व्होल्टेज शून्यच राहिलं पाहिजे आणि त्यासाठी परतीची पल्स उलटीच असावी लागते. लोड ५० ओहमचा असेल तर अंश शून्य होतो आणि काहीच परतत नाही. त्या पल्सच्या दृष्टीने केबल जणू संपतच नाही.

चिन्हाबद्दल एवढंच लक्षात ठेवा: प्रतिध्वनी सुलटा आला तर पुढे लाइनपेक्षा जास्त इम्पिडन्स आहे, उलटा आला तर कमी आहे. दोष शोधताना हे एक चिन्ह अर्धं काम करतं.

हे ऑसिलोस्कोपवर प्रत्यक्ष बघता येतं का?

येतं, आणि प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने बघावंच, कारण त्यानंतर सूत्र विसरणं कठीण होतं. जनरेटरच्या तोंडाशी टी-कनेक्टर लावा. एका बाजूला स्कोप जोडा, दुसऱ्या बाजूला केबल. स्कोपचं इनपुट १ मेगाओहमवर ठेवा. ते ५० ओहमवर राहिलं तर केबलच्या तोंडाशीच समांतर ५० ओहम लागतात आणि सगळे आकडे बिघडतात. पल्सची रुंदी २० नॅनोसेकंद ठेवा.

पडद्यावर आधी ५ व्होल्टची पल्स दिसेल. बरोबर १०० नॅनोसेकंदांनी २.५ व्होल्टची दुसरी दिसेल. त्यानंतर शांतता, कारण जनरेटरच्या आतल्या ५० ओहमने परतलेली पल्स पूर्ण गिळलेली असते. टोकाचा रेझिस्टर काढून टाका, दुसरी पल्स ५ व्होल्टची होईल. टोक शॉर्ट करा, ती तेवढ्याच उंचीची पण शून्य रेषेच्या खाली जाईल.

आता पल्सची रुंदी वाढवत १०० नॅनोसेकंदांच्या पलीकडे न्या. प्रतिध्वनी येईल तेव्हा मूळ पल्स अजून चालूच असेल, त्यामुळे दोन वेगळ्या पल्स न दिसता एक पायरी दिसेल: ५ व्होल्ट, आणि १०० नॅनोसेकंदांनंतर ७.५ व्होल्ट. ७.५ हा आकडा ओळखीचा वाटतो ना? १० व्होल्ट, मालिकेत ५० ओहम आणि १५० ओहम. शाळेत शिकलेला व्होल्टेज विभाजनाचा हिशेब हेच उत्तर देतो. म्हणजे साधं सर्किट खोटं नव्हतं. ते खरं व्हायला १०० नॅनोसेकंद लागले, एवढंच.

बिघडतं ते साधारणपणे दोन ठिकाणी. टी-कनेक्टर आणि स्कोप यांच्यामध्ये अर्धा मीटर वायर घातली तर ती स्वतःच एक उघड्या टोकाची लाइन होते आणि तिचे प्रतिध्वनी मुख्य चित्रात मिसळतात, म्हणून टी थेट स्कोपवरच बसवा. दुसरं म्हणजे स्कोपचा वेग. १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपला कडा चढायला स्वतःचेच ३.५ नॅनोसेकंद लागतात. जाणं-येणं धरलं तर ते सुमारे ३५ सेंटिमीटर केबल झाले. त्यापेक्षा जवळचे दोन दोष त्याला एकच दिसतात.

जनरेटरचा रेझिस्टन्स ५० ओहम नसेल तर?

मग परतलेली पल्स तिथूनही परावर्तित होते आणि दोन्ही टोकांमध्ये येरझाऱ्या सुरू होतात. आपल्याच मांडणीत जनरेटरचा रेझिस्टन्स २५ ओहम करा आणि पल्सऐवजी १० व्होल्ट चालू करून तसेच ठेवा.

सुरुवातीला केबलवर १० चे दोन तृतीयांश, म्हणजे ६.६७ व्होल्ट निघतात. ५० नॅनोसेकंदांनी ते टोकाला पोचतात, त्यात निम्मे परतीचे मिळतात आणि लोडवर १० व्होल्ट दिसतात. परतलेले ३.३३ व्होल्ट जनरेटरशी पोचतात. तिथला गुणांक वजा एक तृतीयांश, म्हणून वजा १.११ व्होल्टची लहर पुन्हा टोकाकडे निघते. ती १५० नॅनोसेकंदांना पोचते आणि लोड ८.३३ वर उतरतो. २५० ला तो ८.६१ वर चढतो, ३५० ला ८.५७ च्या अगदी जवळ येतो. शेवटचा आकडा विभाजनाने काढता येतो: १० गुणिले १५० भागिले १७५, म्हणजे ८.५७.

डिजिटल सर्किटमध्ये कडेनंतर जी थरथर दिसते ती बहुतेक वेळा हीच असते. चिपचा आउटपुट रेझिस्टन्स लाइनपेक्षा कमी असतो आणि टोकाचं इनपुट जवळजवळ उघडं असतं, त्यामुळे दोन्हीकडून परावर्तन होतं. त्यावर नेहमीचा इलाज म्हणजे चिपच्या तोंडाशी मालिकेत एक छोटा रेझिस्टर घालून दोघांची बेरीज लाइनइतकी करणं. टोकाचं परावर्तन मग होतंच, पण ते एकदाच होतं आणि परतल्यावर गिळलं जातं.

ही झाली पल्सची गोष्ट. यात एसडब्ल्यूआर कुठून आला?

एकच पल्स सोडण्याऐवजी १०० मेगाहर्ट्झची अखंड साइन लहर सोडा. टोकाचा गुणांक तोच, ०.५. फरक इतकाच की आता जाणारी आणि परतणारी लहर सगळ्या केबलभर सतत एकमेकींवर पडलेल्या असतात. वेळेत वेगळ्या दिसणाऱ्या दोन गोष्टी आता एकत्र मिसळल्या.

केबलमध्ये या लहरीची लांबी २ मीटर आहे. टोकाशी ५ आणि २.५ व्होल्टची शिखरं एकत्र येतात, म्हणून तिथे ७.५ व्होल्ट. टोकापासून अर्धा मीटर मागे या. तिथून टोकापर्यंत जाऊन परत यायला लहरीला एक मीटर जास्त पडतो, म्हणजे अर्धी तरंगलांबी. इथे एकीचं शिखर दुसरीच्या दरीवर पडतं आणि २.५ व्होल्टच उरतात. आणखी अर्धा मीटर मागे आलात की पुन्हा ७.५. हा नमुना केबलवर जागचा हलत नाही, म्हणून त्याला स्टँडिंग वेव्ह, स्थिर तरंग म्हणतात. कमाल आणि किमान व्होल्टेजचं प्रमाण म्हणजे एसडब्ल्यूआर. इथे ७.५ भागिले २.५, म्हणजे ३.

```
SWR = (1 + |Γ|) / (1 − |Γ|)
```

आज मीटर हा आकडा थेट दाखवतो, त्यामुळे तो कुठल्या तरी मोजमापातून आला होता हे विसरायला होतं. एर्न्स्ट लेखर यांनी १८८८ च्या सुमारास दोन समांतर तारांवर अशाच स्थिर तरंगांचे बिंदू शोधले आणि त्यांच्यामधल्या अंतरावरून तरंगलांबी काढली. पुढे प्रयोगशाळांमध्ये लांब खाच पाडलेली लाइन आली. खाचेतून छोटा प्रोब सरकवत कमाल आणि किमान व्होल्टेज वाचायचं, की एसडब्ल्यूआर हातात.

नेहमीचा मीटर मात्र असा सरकत नाही. तो एकाच जागी व्होल्टेज आणि करंट यांचे नमुने घेतो, त्यांची बेरीज करून जाणारी लहर आणि वजाबाकी करून परतीची लहर वेगळी करतो. त्याचा हिशेब ५० ओहम धरूनच बेतलेला असतो. ७५ ओहमच्या लाइनमध्ये तो बसवला तर त्याचा आकडा त्या लाइनचा राहत नाही.

मीटर ३ दाखवतो. म्हणजे लोड १५० ओहमचा आहे?

असेलही, नसेलही. १६.७ ओहमचा लोड लावून पाहा: गुणांक वजा ०.५ येतो आणि एसडब्ल्यूआर तोच, ३. सूत्रातल्या उभ्या रेघांनी चिन्ह पुसून टाकलं. कपॅसिटन्स किंवा इंडक्टन्स मिसळलेले असंख्य लोडही ३ देतात.

एसडब्ल्यूआर किती परतलं ते सांगतो. काय आडवं आलं आणि कुठे आलं, हे तो सांगत नाही. पल्स या तिन्ही गोष्टी सांगते: उंचीवरून किती, चिन्हावरून काय, वेळेवरून कुठे. म्हणून एसडब्ल्यूआर अचानक वाढला तर केबल बदलायची की अँटेना, याचं उत्तर मीटरकडे मागू नका.

यातला एक बारकावा नेहमी गोंधळात टाकतो. १०० मेगाहर्ट्झला आपली १० मीटर केबल बरोबर ५ तरंगलांबींची आहे, त्यामुळे तिच्या तोंडाशी टोकासारखीच स्थिती असते आणि ट्रान्समीटरला १५० ओहम दिसतात. वारंवारता १०५ मेगाहर्ट्झ केली की तीच केबल सव्वापाच तरंगलांबींची होते. तोंडाशी आता व्होल्टेज किमान आणि करंट कमाल, २.५ व्होल्ट आणि १५० मिलिॲम्पिअर. ट्रान्समीटरला १६.७ ओहम दिसतात. मीटर दोन्ही वेळा ३ च दाखवतो. केबलची लांबी बदलून एसडब्ल्यूआर सुधारत नाही, पण ट्रान्समीटरला काय दिसतं ते पार बदलतं. काही ट्रान्समीटर एका लांबीवर कुरकुर करतात आणि दुसऱ्या लांबीवर निमूट चालतात, त्याचं कारण हे आहे.

एसडब्ल्यूआर ३ म्हणजे २५ टक्के शक्ती परतली. ती वाया गेली का? ट्रान्समीटर जळतो का?

२५ टक्के परतली हे बरोबर. वाया गेली हे बरोबर असेलच असं नाही.

ट्रान्समीटर आणि केबल यांच्यामध्ये जुळणी करणारा ट्यूनर असेल तर परतलेली लहर त्याच्यापासून पुन्हा टोकाकडे फिरते. स्थिती स्थिरावते तेव्हा, समजा १०० वॅटचा ट्रान्समीटर आहे, तर केबलवर १३३ वॅट पुढे जात असतात आणि ३३ वॅट मागे येत असतात. लोडला १०० मिळतात. केबलमध्ये काही जिरतच नसेल तर तोटा शून्य. खऱ्या केबलमध्ये या जादा फेऱ्यांचं भाडं लागतं: चांगल्या जाड, आखूड केबलला थोडं, बारीक आणि लांब केबलला बरंच.

ट्यूनर नसेल तर ट्रान्समीटरला जो इम्पिडन्स दिसतो त्यावर सगळं ठरतं. तो खूप कमी दिसला तर शेवटच्या टप्प्यातला करंट वाढतो, खूप जास्त दिसला तर व्होल्टेज वाढतं. ट्रान्झिस्टर मरतात ते यामुळे. परतलेले वॅट आत शिरून उष्णता होतात हे चित्र सोपं आहे, पण त्यावरून काढलेले अंदाज चुकतात. आजचे बहुतेक ट्रान्झिस्टर ट्रान्समीटर एसडब्ल्यूआर २ ते ३ च्या आसपास गेला की आपणच शक्ती कमी करतात.

माझं मत विचाराल तर १.५ चा १.१ करण्यात दिवस घालवू नये. १.५ ला परतते ती शक्ती ४ टक्के आणि २ ला ११ टक्के. ऐकणाऱ्याला यातला फरक कळत नाही.

लांब केबल लावली आणि एसडब्ल्यूआर चांगला झाला. हे कसं?

आता केबलमध्ये काही जिरत नाही हे गृहीतक सोडावं लागेल. या एका प्रश्नाने लोकांचं जितकं नुकसान केलंय तितकं दुसऱ्या कशाने केलं नसेल.

समजा एकेरी प्रवासात केबल निम्मी शक्ती खाते. आरजी-५८ जातीच्या बारीक केबलचे साधारण १५ मीटर १४५ मेगाहर्ट्झला एवढं करतात. टोक पूर्ण उघडं ठेवा, अँटेनाच नाही. निघालेल्या शक्तीतली निम्मी टोकाला पोचते, सगळी परतते, वाटेत पुन्हा निम्मी होते. मीटरला एक चतुर्थांश परत आलेली दिसते, म्हणजे गुणांक ०.५ आणि एसडब्ल्यूआर ३. टोकाला खरं प्रमाण अनंत आहे. केबल एकेरी प्रवासात नऊ दशांश खाणारी असेल तर परत येते फक्त एक शतांश. मीटर १.२ दाखवतो, अँटेना नसताना!

एका ४० मीटरच्या लाइनवर मी हे स्वतः भोगलं आहे. संदेश क्षीण झाले होते, पण एसडब्ल्यूआर १.८ वरून १.४ वर आला होता, त्यामुळे अँटेना आणि लाइन सोडून मी रेडिओच तपासत राहिलो. शेवटी अँटेनाचं टोक सोडवून केबलवर पल्स सोडली. उघड्या टोकाचा सुलटा प्रतिध्वनी ४०० नॅनोसेकंदांना यायला हवा होता. तो आला, पण अगदी क्षीण आणि पसरट. त्याच्या आधी २६० नॅनोसेकंदांना एक उथळ, उलटा खड्डा होता. २६० भागिले १०, म्हणजे २६ मीटर. तिथे दोन तुकड्यांचा जोड होता. टेप उलगडली तर आत पाणी आणि हिरवी पडलेली जाळी. पाण्यामुळे त्या जागचं कपॅसिटन्स वाढतं, इम्पिडन्स उतरतो, म्हणून प्रतिध्वनी उलटा. आणि जाळीतून वर चढलेलं पाणी पुढच्या केबलमध्ये शक्ती जिरवत होतं, म्हणून मीटर खूश. जोड आणि भिजलेली केबल बदलल्यावर एसडब्ल्यूआर पुन्हा १.८ झाला आणि संदेश पूर्वीसारखे ऐकू येऊ लागले.

तेव्हापासून मी एसडब्ल्यूआर जमेल तेव्हा अँटेनाच्या तोंडाशी मोजतो. ते शक्य नसेल तर लाइन नवी असतानाच तिचा पल्सचा आलेख काढून ठेवतो, म्हणजे पुढे तुलनेला काहीतरी असतं.

५० ओहमच्या जागी ७५ ओहमची केबल चालेल का?

जोडाशी गुणांक ०.२ येतो, म्हणजे ४ टक्के शक्ती परतते. साध्या ग्रहणासाठी चालते. अचूक मोजमापासाठी नाही, आणि एकाच लाइनवर असे दोन-तीन जोड असतील तर त्यांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून काही वारंवारतांना जास्त त्रास देतात.

टोकाला रेझिस्टर नसून कपॅसिटर किंवा अँटेना असेल तर पल्स काय दाखवते?

कपॅसिटर आधी रिकामा असतो. पल्सची कडा पोचते त्या क्षणी तो शॉर्टसारखा वागतो आणि परतीची लहर उलटी निघते. मग तो भरत जातो आणि भरल्यावर उघड्या टोकासारखा होतो. लांब पल्स सोडली तर परतीचा आकार खाली बुडी मारून हळूहळू वर चढतो. किती हळू, ते लाइनचा इम्पिडन्स गुणिले कपॅसिटन्स यावरून ठरतं: ५० ओहम आणि १०० पिकोफॅरड असतील तर ५ नॅनोसेकंद. इंडक्टरचं चित्र याच्या उलट असतं: आधी सुलटं शिखर, मग उतार.

अँटेनाच्या बाबतीत मात्र पल्सकडून फार अपेक्षा ठेवू नका. पल्समध्ये अनेक वारंवारता एकत्र असतात आणि अँटेना त्यांतल्या मोजक्याच स्वीकारतो. उत्तम जुळलेला अँटेनासुद्धा पल्सचा मोठा भाग विस्कटून परत पाठवतो, आणि काही अँटेनांचं तोंड डीसीला सरळ शॉर्ट असतं. तो प्रतिध्वनी पाहून अँटेना खराब ठरवला तर चांगला अँटेना फेकला जाईल. म्हणून कामाची वाटणी अशी करावी: केबल आणि जोड पल्सने तपासायचे, अँटेना त्याच्या कामाच्या वारंवारतेवर एसडब्ल्यूआरने तपासायचा. पल्सने केबल निर्दोष ठरली की मीटरचा आकडाही भरवशाचा होतो, कारण आता तो फक्त अँटेनाबद्दल बोलतो.